हलालचा शिक्का आणि जेलीचे पाकीट

आखातात नोकरीला असलेले नातेवाईक सुट्टीवर आले की त्यांच्या बॅगेतून खजूर आणि बदामांबरोबर मुलांसाठी रंगीत जेलीच्या गोळ्यांची पाकिटेही निघतात. पाकिटाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांतल्या घटकांच्या यादीखाली, अरबी लिपीतला एक छोटा गोल शिक्का असतो. तो पाहून घरातले कोणी तरी म्हणते, ‘अरे, यात मटण वगैरे आहे की काय?’ आणि दुसरे कोणी समजूत घालते, ‘हलाल आहे म्हणजे डुकराचे नाही, मग खायला काय हरकत आहे?’ हा संवाद मी इतक्या घरांत ऐकला आहे की त्यावर सविस्तर लिहावेसे वाटले. दोन्ही वाक्यांत थोडे खरे आहे, पण त्या शिक्क्याने नेमके काय सांगितले आहे, ते मात्र दोघांच्याही लक्षात आलेले नसते.

चावताना रबरासारखी ताणली जाणारी जेली बहुतेक वेळा जिलेटिनची असते आणि जिलेटिन म्हणजे जनावरांच्या कातडीतून व हाडांतून काढलेले प्रथिन. युरोपातल्या मिठाई उद्योगात ते प्रामुख्याने डुकराच्या कातडीपासून येते. मुस्लिम ग्राहकांसाठी तीच गोळी बनवायची झाली की कारखाना गोवंशीय जनावरांचे जिलेटिन वापरतो, आणि ती जनावरे हलाल पद्धतीने कापलेली आहेत याचा दाखला पुरवठादाराकडून घेतो. माशांचे जिलेटिनही मिळते, पण ते महाग पडते. म्हणजे जिलेटिनच्या जेलीवर हलालचा शिक्का असेल, तर तिच्यात गोवंशाचा अंश असण्याची शक्यता मोठी. ज्या घरात गोमांस वर्ज्य आहे, त्या घराला हा शिक्का पाहून निश्चिंत होण्याचे काहीच कारण नाही. शिक्क्याने फसवलेले नसते. त्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता आणि त्याने त्या प्रश्नाचे उत्तर दिलेले असते.

आपल्याकडच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका हा तिसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. तो कायद्याने बंधनकारक आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमांनुसार शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका हवा, आणि मांसाहारी पदार्थावर तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण. पूर्वी तिथेही ठिपकाच असे. रंगांधळ्या माणसाला दोन ठिपक्यांतला फरक कळत नाही म्हणून २०२० च्या लेबलिंग नियमांत त्रिकोण आला. या नियमांतली मांसाहाराची व्याख्या वाचण्याजोगी आहे. प्राणी, पक्षी, मासे, अंडी, कीटक आणि प्राण्यापासून आलेले सगळे मांसाहारात. पण दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाश्यांचे मेण आणि लाख यांना त्यातून वगळले आहे. लाख हा कीटकाचाच स्राव. चकचकीत चॉकलेट-गोळ्यांवरची झिलई अनेकदा तिचीच असते आणि तरीही त्या गोळ्यांना हिरवा ठिपका मिळतो. उलट लाल रंगासाठी कोचिनील किड्यांपासून काढलेले कार्माइन, म्हणजे घटकांच्या यादीत आयएनएस १२० या सांकेतिक क्रमांकाने येणारा रंग, घातले की तीच गोळी तपकिरी त्रिकोणाखाली जाते. आखातातून बॅगेत घालून आणलेल्या पाकिटावर बहुधा यांपैकी कोणतेच चिन्ह नसते, कारण ते दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी छापलेले असते.

मी काही वर्षे एमआयडीसीतल्या एका बिस्किटे आणि केक बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात होतो. आमच्या मालात मांसाचा काही संबंध नव्हता, तरीही आखातात आणि मलेशियात माल पाठवायचा म्हणून आम्ही हलाल प्रमाणपत्र घेत असू. ‘शाकाहारी बिस्किटाला कसले हलाल?’ हा प्रश्न तेव्हा आमच्या कामगारांनीही विचारला होता. उत्तर कागदपत्रांत मिळत गेले. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे परीक्षक आले की पीठ, साखर आणि तूप यांच्याकडे ते फारसे पाहत नसत. त्यांचा वेळ जाई इमल्सिफायर, इसेन्स आणि ब्रशमध्ये.

तेल आणि पाणी एकजीव ठेवणाऱ्या इमल्सिफायरचे उदाहरण घेऊ. यादीत आयएनएस ४७१ असे लिहिलेले असते. हे स्निग्ध आम्लांपासून बनते आणि ती स्निग्ध आम्ले पामतेलातून येऊ शकतात तशी जनावराच्या चरबीतूनही येऊ शकतात. रासायनिकदृष्ट्या पदार्थ एकच, त्यामुळे बिस्किटावर चाचणी करून मूळ स्रोत सांगणे फार अवघड. म्हणून पुरवठादाराचे लेखी निवेदन लागते, आणि शक्य असेल तर त्याच्या कारखान्याचे स्वतःचे प्रमाणपत्र. इसेन्सच्या बाबतीत प्रश्न असतो तो द्रावकाचा. व्हॅनिला इसेन्स पुष्कळदा अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो. त्याऐवजी प्रोपिलिन ग्लायकॉलमधला मागवावा लागतो. तयार मालात अल्कोहोलचा किती अंश चालेल, याची मर्यादा प्रमाणित करणाऱ्या संस्थेगणिक बदलते.

ब्रशचा प्रसंग मात्र माझ्या कायमचा लक्षात आहे. केकवर झिलई चढवायला आमच्याकडे लाकडी मुठीचे ब्रश वापरत. परीक्षकाने त्यातला एक केस उपटला, काडी ओढून त्याला लावली आणि धूर नाकाशी नेला. प्लास्टिकचा तंतू वितळून त्याचा गोळा होतो. खरा केस कुरकुरत जळतो आणि केस जळल्याचा तोच परिचित वास सुटतो. आमचा केस जळला. असे ब्रश पुष्कळदा डुकराच्या राठ केसांचे असतात आणि बाजारात ते इतके सर्रास मिळतात की खरेदी विभागाने कधी चौकशीच केली नव्हती. सगळे ब्रश त्याच दिवशी गोळा करून नायलॉनचे आणले गेले. त्या केकवर हिरवा ठिपका आधीही होता आणि नंतरही राहिला, कारण ठिपका घटकांबद्दल बोलतो आणि ब्रश हा घटक नव्हे.

इथे हलाल प्रमाणनाचे मर्म आहे: ते अंतिम पदार्थाच्या पृथक्करणावर थांबत नाही, पदार्थ ज्या वाटेने आला ती वाट तपासते. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण इंडोनेशियातले आहे. २००१ च्या सुरुवातीला तिथे अजिनोमोटो कंपनीची मोनोसोडियम ग्लुटामेटची पाकिटे बाजारातून मागे घ्यावी लागली आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांना ताब्यात घेतले गेले. हे ग्लुटामेट जिवाणूंकडून आंबवून घेतात. ते जिवाणू जपून ठेवण्यासाठी जे पोषक माध्यम लागते, त्यात कंपनीने सोयाबीनपासून बनवलेला एक घटक वापरायला सुरुवात केली होती. आणि सोयाबीनचे विघटन करून तो घटक तयार करताना त्याच्या उत्पादकाने डुकराच्या स्वादुपिंडातले विकर वापरले होते. अंतिम पांढऱ्या स्फटिकांत डुकराचा अंश नव्हता. तरीही देशाच्या उलेमा परिषदेने ते उत्पादन हराम ठरवले. स्वतः धर्मशास्त्राचे जाणकार असलेले त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी जाहीरपणे उलट मत दिले, की अंतिम पदार्थात काही उरलेले नसल्यामुळे तो खाण्यास योग्य आहे. माल मागे घेतला गेला तो परिषदेच्या मताप्रमाणे. चार पायऱ्या मागच्या विकराने पूर्ण मालावर पाणी फिरवले, आणि तेव्हापासून विकरांचा तपशील प्रत्येक अर्जात बारकाईने विचारला जातो.

आता मांसाकडे वळतो, कारण बहुतेकांच्या मनात हा शिक्का प्रथम तिथेच असतो. अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या कोडेक्सने १९९७ मध्ये ‘हलाल’ शब्दाच्या वापराबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतल्या कत्तलीच्या अटी थोडक्यात अशा: कापणारा मुसलमान, सुबुद्ध आणि पद्धत जाणणारा असावा, प्राणी त्या क्षणी जिवंत असावा, प्रत्येक प्राण्याला कापण्यापूर्वी अल्लाचे नाव घ्यावे, धारदार हत्याराने, ते मध्येच न उचलता, श्वासनलिका, अन्ननलिका आणि मानेतल्या मुख्य रक्तवाहिन्या कापाव्यात. गल्लीतल्या दुकानात एका वेळी एक कोंबडी कापणाऱ्याला यात अडचण काहीच नाही. अडचण येते ती तासाला हजारो पक्षी जाणाऱ्या साखळीवर.

अशा कारखान्यात पक्षी पाय वर करून आकड्यांना लटकवलेले पुढे सरकतात. काही ठिकाणी त्यांची डोकी आधी वीजप्रवाह सोडलेल्या पाण्यातून नेतात, म्हणजे पक्षी बेशुद्ध होतो. मग सुरीवाले उभे असतात. एक थकला की दुसरा त्याची जागा घेतो. त्यापुढे रक्त निथळण्यासाठी ठरावीक वेळ आणि त्यानंतर पिसे सुटावीत म्हणून गरम पाण्याची टाकी. हलाल निरीक्षकाच्या नजरा दोन जागी खिळलेल्या असतात. पहिली जागा बेशुद्धीची: प्रवाह जास्त झाला तर पक्षी सुरीपर्यंत पोहोचण्याआधीच मरतो आणि मग तो हलाल राहत नाही. म्हणून अधूनमधून एक बेशुद्ध पक्षी न कापता साखळीवरून उतरवून जमिनीवर ठेवतात. थोड्या वेळाने तो उठून उभा राहिला तर प्रवाह योग्य. दुसरी जागा गरम पाण्याच्या टाकीच्या तोंडाशी: सुरी नीट न लागलेला पक्षी जिवंतच टाकीत गेला, तर रक्त अंगातच राहते आणि पिसे निघाल्यावर त्याची कातडी लालबुंद दिसते. असा लाल पक्षी दिसला की तो बाजूला काढायचा आणि मागे जाऊन सुरीवाल्याचे काय चुकते ते पाहायचे.

या साखळीबाबत प्रमाणित करणाऱ्या संस्थांचेच एकमत नाही, आणि शिक्का वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. मलेशियाच्या मानकाला काही अटींवर, पक्षी पुन्हा शुद्धीवर येऊ शकेल अशी, बेशुद्धी चालते. ब्रिटनमध्ये हलाल फूड अथॉरिटी ती मान्य करते, तर हलाल मॉनिटरिंग कमिटी ती अजिबात मान्य करत नाही आणि फिरत्या यांत्रिक पात्यालाही नकार देते. त्यामुळे लंडन किंवा लेस्टरच्या दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कोंबड्यांवर ‘हलाल’ लिहिलेले असूनही त्यांच्या मागची पद्धत वेगळी असू शकते. मतभेद आपल्या घराजवळही आहेत. कोकणातले मुसलमान प्रामुख्याने शाफई पंथाचे. खेकडे त्यांच्या ताटात निःशंकपणे येतात. उत्तरेकडच्या हनफी मुसलमानाला खेकडा वर्ज्य आणि कोळंबीबद्दलही त्यांच्या विद्वानांत वाद. कार्माइनच्या लाल रंगाचेही तसेच. इंडोनेशियाच्या परिषदेने २०११ मध्ये तो मान्य केला, पण अनेक ठिकाणी तो नाकारला जातो. म्हणून माझ्या मते नुसत्या ‘हलाल’ या शब्दापेक्षा त्याच्याखालचे संस्थेचे नाव महत्त्वाचे. ज्या शिक्क्याखाली संस्थेचे नावच नाही, तो कंपनीने स्वतःच स्वतःला दिलेला दाखला समजावा.

भारतात ही संस्था सरकारी नसते. जमियत उलमा-ए-हिंदचा हलाल ट्रस्ट किंवा चेन्नईची हलाल इंडिया यांच्यासारख्या खाजगी संस्था शुल्क आकारून, तपासणी करून प्रमाणपत्र देतात. देशात विकायच्या मालासाठी कोणताही केंद्रीय कायदा ते मागत नाही. निर्यातीच्या मांसाबाबत मात्र परकीय व्यापार महासंचालनालयाने २०२३ मध्ये चौकट आखली: मांसावर हलालचा दावा करायचा तर प्रमाणपत्र देणारी संस्था भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मंडळाकडून मान्यताप्राप्त हवी. त्याच वर्षी नोव्हेंबरात उत्तर प्रदेश सरकारने निर्यातीचा माल वगळून राज्यात हलाल-प्रमाणित उत्पादनांच्या निर्मिती व विक्रीवर बंदी घातली. त्या वादातली एक तक्रार मला समजण्यासारखी वाटते: बिस्किटावर शिक्का आहे म्हणजे त्याचे शुल्क सगळेच ग्राहक भरतात. पण कारखान्याच्या बाजूनेही सांगायला हवे. देशातल्या आणि परदेशातल्या बाजारासाठी वेगवेगळी वेष्टने छापणे आणि वेगळा साठा सांभाळणे हेही स्वस्त नसते, म्हणून अनेक कंपन्या एकच वेष्टन सगळीकडे चालवतात.

महाराष्ट्रात मार्च २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणाच्या हिंदू दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा केली. त्याचे राजकारण बाजूला ठेवून केवळ प्रमाणन म्हणून पाहिले, तर हे प्रमाणपत्र दुकानाला आणि दुकानदाराला मिळते. हलालचे प्रमाणपत्र मिळते ते उत्पादन स्थळाला आणि यादीतल्या उत्पादनांना. त्याच प्रकारे रायगड आणि ठाण्यातल्या आपल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचा कोशर हा खाण्याचा नियम आणखी निराळा. त्यांच्याकडेही गळ्यावर सुरी चालते आणि डुक्कर वर्ज्यच, पण शिवाय मांस आणि दूध एकत्र येऊ द्यायचे नाही, मासा खवल्यांचा आणि पंखांचा हवा. बटर चिकन हलाल असू शकते, कोशर कधीच नाही. तेव्हा एक शिक्का दुसऱ्याच्या जागी चालेल असे परस्पर गृहीत धरू नये.

आणि यातला कोणताही शिक्का मांस ताजे आहे, स्वच्छ आहे, गोठवणीची साखळी तुटलेली नाही, असे सांगत नाही. कोडेक्सच्या सूचना अन्नसुरक्षेचे सर्वसाधारण नियम पाळले जावेत असे म्हणतात खरे, पण रोगजंतूंची चाचणी हा या प्रमाणपत्राचा विषय नव्हे. त्यासाठी पाकिटावरचा एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, तारीख आणि तापमानाची सूचना पाहायची. गोठवलेल्या चिकन नगेट्सच्या पाकिटात पाण्याचे मोठे स्फटिक दिसत असतील आणि तुकडे एकमेकांना चिकटून ढेकूळ झालेले असेल, तर माल मध्येच वितळून पुन्हा गोठला आहे. असे पाकीट शिक्का कोणताही असो, परत करावे. कोंबडी कशी वाढवली, तिला कोणती औषधे दिली, यावरही शिक्का बहुधा मौनच बाळगतो.

प्रत्यक्ष वाचताना मी हा क्रम ठेवतो. आधी संस्थेचे नाव. मग तिच्या संकेतस्थळावर त्या कंपनीचे प्रमाणपत्र आहे का आणि त्याची मुदत उलटून गेली आहे का. मुदत साधारणपणे वर्षभराची असते. प्रमाणपत्रात कारखान्याचा पत्ता आणि उत्पादनांची यादी असते, आणि घोळ होतो तो इथेच. एका कंपनीचे तीन कारखाने असतात, प्रमाणित एकच असतो. किंवा मूळ चवीचे बिस्कीट यादीत असते आणि नव्याने आलेले स्ट्रॉबेरीचे नसते, पण वेष्टनाचा साचा तोच म्हणून शिक्का दोन्हींवर छापला जातो. शाकाहारी वाचकाने यापुढे एक पायरी जावे आणि घटकांच्या यादीतले आकडे पाहावेत. आयएनएस ६३१ हा चव वाढवणारा पदार्थ मांसापासून किंवा माशापासूनही मिळतो. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये याच पदार्थाचे उदाहरण घेऊन सांगितले होते, की नुसता सांकेतिक क्रमांक छापून भागणार नाही, घटक वनस्पतीचा की प्राण्याचा हे उघड करावे लागेल. जैन वाचकाला आणि उपवास करणाऱ्याला तर यातले काहीच पुरत नाही. कांदा, लसूण, बटाटा सगळे हिरव्या ठिपक्याखाली बिनदिक्कत बसते आणि पाकिटावर ‘उपवासाचा चिवडा’ असे लिहिलेला माल कोणत्या तेलात आणि कोणत्या कढईत तळला आहे, हे सांगणारा शिक्का निघालेला नाही.

दिवाळीच्या आधी आखातात फराळ पाठवणारे काही घरगुती उद्योजक हल्ली मला विचारतात, आम्हालाही प्रमाणपत्र घ्यावे लागेल का. तिथल्या मराठी घरांपर्यंत कुरिअरने चाललेल्या चकलीला आणि बेसनलाडवाला बहुधा त्याची गरज पडत नाही. माल तिथल्या दुकानाच्या फळीवर जाणार असेल, तर आयातदार काय मागतो ते आधी विचारून घ्यावे. अर्ज करायचाच झाला तर चकली, शेव, करंजी यांत अडण्यासारखे फार थोडे असते. अडते ते काजू कतलीवर. तिचा चांदीचा वर्ख पारंपरिक पद्धतीत जनावराच्या आतड्याच्या पडद्यांमध्ये ठेवून कुटला जाई आणि २०१६ मध्ये एफएसएसएआयने वर्ख बनवताना प्राणिजन्य साहित्य वापरण्याला मनाई करणारा नियम काढला तो त्यासाठीच. यंत्रावर, प्राणिजन्य साहित्याशिवाय बनवलेला वर्ख मिळतो, पण पुरवठादाराकडून तसे लेखी घ्यावे लागते, आणि आपल्या बाजारातला सुटा वर्ख विकणारा असा कागद देताना मी तरी पाहिलेला नाही. त्यामुळे मी त्यांना सांगतो, निर्यातीच्या डब्यातली कतली वर्खाशिवायच पाठवा.